पहिली खोडी आणि नंतरच्या खोड्या

शाळेतून आलेली चिठ्ठी घेऊन दवाखान्यात येणारे पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘डॉक्टर, हा असा का वागतो?’ या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते. मूल आज ज्या कारणाने त्रास देते, त्याच कारणाने ते पहिल्या दिवशीही त्रास देत होते, असे आपण धरून चालतो. पायात काटा मोडतो, चार दिवसांनी तिथे पू होतो. दुखणे काट्यापासून सुरू झाले हे खरे, पण चौथ्या दिवसाचा ठणका जंतूंचा असतो आणि नुसता काटा काढल्याने तो थांबत नाही. मुलांच्या वागण्यातही असे दोन टप्पे असू शकतात. ते ओळखता आले नाहीत तर उपचार चुकीच्या जागी होतो.

या दोन टप्प्यांना समाजशास्त्रात नावे आहेत. एडविन लेमर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1951 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘सोशल पॅथॉलॉजी’ या ग्रंथात प्राथमिक विचलन आणि दुय्यम विचलन असा भेद केला. विचलन म्हणजे समाजाने घालून दिलेल्या वाटेपासून ढळणे. पहिल्यांदा माणूस ढळतो ते कोणत्याही कारणाने असेल : अंगातली रग, आजार, गैरसमज, योगायोग. तोवर तो स्वतःला ‘वाईट’ समजत नसतो. पुढे शिक्षा होते, लोक त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात, त्याला एक नाव चिकटते. त्या नावाला तोंड देताना, त्यापासून स्वतःला वाचवताना, किंवा अखेर ते नाव पत्करून माणूस जे करतो, ते दुय्यम विचलन. मूळ कारण तोवर संपलेलेही असू शकते.

लेमर्टने यासाठी दिलेले एक उदाहरण शाळकरी मुलाचे आहे. अंगातल्या अतिरिक्त उत्साहापोटी एक मुलगा वर्गात खोडी काढतो आणि त्याला शिक्षा होते. काही दिवसांनी धांदरटपणामुळे त्याच्या हातून पुन्हा गोंधळ होतो, पुन्हा बोलणी बसतात. मग, जसे कधीकधी घडते, त्याने न केलेल्या गोष्टीचे खापर त्याच्यावर फुटते. शिक्षक त्याला ‘वाईट मुलगा’ म्हणू लागतात. मुलाच्या मनात राग साठतो आणि चांगल्या मुलाची भूमिका आपल्यासाठी आता बंद झाली, असे त्याला वाटू लागते. तेव्हा शिक्षकांनी दिलेली भूमिकाच वठवण्याचा मोह त्याला होतो. विशेषतः त्या भूमिकेला शिक्षेबरोबर काही बक्षिसेही आहेत, हे ध्यानात आल्यावर. सत्तर वर्षांपूर्वीचा हा परिच्छेद वाचताना आपल्याकडच्या कितीतरी शाळांचे वर्ग डोळ्यांसमोर उभे राहतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सविस्तर पाहू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पाचवीतला एक मुलगा दर सोमवारी सकाळी पोट दुखते म्हणून माझ्याकडे आणला जाई. शनिवार-रविवारी दुखत नसे. पोटात काही सापडले नाही, पण तपासताना तो तोंड उघडे ठेवून श्वास घेत होता, आणि रात्री घोरतो असे आईने सांगितले. दूरचित्रवाणीचा आवाज तो मोठा ठेवतो, या सवयीवरून घरात भांडणे होत. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी झाली. नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्या होत्या आणि दोन्ही मध्यकर्णांत चिकट द्रव साठला होता. असा द्रव बहुधा सहासात वर्षांच्या आतील मुलांत आढळतो. दहाव्या वर्षी तो तुलनेने कमी दिसतो, त्यामुळे त्याची आठवणही होत नाही.

या आजारात मूल बहिरे होत नाही. ऐकण्यात साधारण 20 ते 30 डेसिबलची तूट येते, म्हणजे कानात बोटे घालून ऐकावे तसे. शांत खोलीत समोरासमोर बोलल्यास सगळे समजते. घरच्यांना शंका येत नाही ती यामुळे. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, पंखा घरघरत असताना, फळ्याकडे तोंड करून बाईंनी सांगितलेले वाक्य अर्धेच पोहोचते. शिवाय सर्दी झाली की तूट वाढते, सर्दी ओसरली की कमी होते. त्यामुळे ‘काल बरोबर ऐकू आले, आज येत नाही म्हणजे लक्ष नाही’ असा निष्कर्ष शिक्षक काढतात आणि तो त्यांच्या बाजूने अगदी सयुक्तिक असतो.

आता या मुलाची पहिली खोडी कोणती होती ते पाहा. चौथीत असताना तो शेजारच्या मुलाला विचारी, ‘काय म्हणाल्या बाई?’ एवढेच. वर्गाच्या भाषेत याचे नाव ‘तासाला बोलणे’.

त्याच्या आईने दोन वर्षांच्या शाळेच्या डायऱ्या जपून ठेवल्या होत्या. त्या मी मागवून घेतल्या आणि ओळीने वाचल्या. रक्ताच्या तपासण्यांचे अहवाल तारखेनुसार लावून पाहावेत तसे शिक्षकांचे शेरे लावून पाहिले, तर पुष्कळ उलगडते. चौथीच्या जुलैतला पहिला शेरा होता : ‘आज गणिताच्या तासाला शेजाऱ्याशी बोलत होता.’ यात दिवस आहे, तास आहे, कृती आहे, आणि क्रियापद भूतकाळी आहे. दिवाळीनंतरचा शेरा : ‘तासाला सतत बोलतो.’ दिवस गेला, तास गेला, क्रियापद रीतिवाचक झाले. फेब्रुवारीत : ‘वर्गात त्रास देतो. सुधारणा नाही.’ आता कृतीही गेली. पाचवीच्या पहिल्याच महिन्यात, नव्या वर्गशिक्षकांच्या अक्षरात : ‘खोडकर आहे. पालकांनी येऊन भेटावे.’ ज्यांनी त्याला जेमतेम तीन आठवडे पाहिले होते, त्यांच्या वाक्यात क्रियापद उरले ते केवळ ‘आहे’. जे मूल काही तरी करत होते, ते आता काही तरी झाले होते.

तीन आठवड्यांत नव्या शिक्षकांचे मत कसे बनले, याचे उत्तर शिक्षक-खोलीत आहे. जूनमध्ये वर्गाची यादी हाती आली की जुने शिक्षक नव्यांना सहज सांगतात, ‘हा सांभाळा बरं का.’ यात दुष्टावा नसतो, उलट सहकाऱ्याला मदत करण्याची भावना असते. इंग्लंडमध्ये डेव्हिड हारग्रीव्ह्ज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांच्या वर्गांचा बारकाईने अभ्यास करून 1975 साली पुस्तक लिहिले. शिक्षकांच्या मनात विद्यार्थ्याची प्रतिमा तीन टप्प्यांत घट्ट होते, असे त्यांना आढळले. आधी अटकळ असते, चुकीची ठरल्यास ती बदलतेही. मग पडताळा सुरू होतो : हे मूल आपण समजलो तसेच आहे का? शेवटी प्रतिमा स्थिरावते. त्यानंतर त्या मुलाचे वागणे शिक्षकांना नवल वाटायला लावत नाही, कारण जे जुळते ते पुरावा ठरते आणि जे जुळत नाही ते अपवाद. जुन्या शिक्षकांचे एक वाक्य नव्यांना अटकळीचा टप्पाच ओलांडून पुढे नेते, एवढाच त्याचा दोष.

मुलाने स्वतः ज्या प्रसंगाविषयी मला सर्वांत तपशिलाने सांगितले, तो त्याच पावसाळ्यातला. मधल्या सुटीत कुणी तरी डस्टर फेकला आणि खिडकीची काच फुटली. हा त्या वेळी मैदानावर खो-खोच्या सरावाला होता. वर्गात चौकशी झाली तेव्हा पहिले नाव त्याचे आले. ‘मी नव्हतो,’ असे तो म्हणाला. ‘मग दुसरं कोण?’ असा प्रतिप्रश्न झाला आणि सगळा वर्ग हसला. घरी फोन गेला. वडिलांनी काचेचे पैसे भरले आणि मुलाच्या थोबाडीत दिली. ‘मारलं त्याचं काही नाही,’ तो मला म्हणाला, ‘पण मी न करता पण मीच असतो, मग करून काय फरक पडतो?’

दहा वर्षांच्या मुलाने लेमर्ट वाचलेला नसतो. पण दुय्यम विचलनाची इतकी नेमकी व्याख्या मला पुस्तकातही फारशी आढळलेली नाही.

त्यानंतर जे झाले ते पायरीपायरीने झाले. त्याला शेवटच्या बाकावर बसवले गेले, म्हणजे कमी ऐकू येणारे मूल आवाजापासून सर्वांत दूर गेले. बोलला की वर्गाबाहेर उभे करण्यात येई. अपूर्णांकांचे बरेचसे तास त्याने व्हरांड्यात काढले. परत आत आल्यावर फळ्यावरचे काही कळेना, आणि न कळणाऱ्या तासाला बसण्यापेक्षा बाहेर उभे राहणे सुखाचे, हे त्याच्या लक्षात आले. बाहेर जाण्याचा मार्ग त्याला ठाऊक होताच. इकडे वर्गात एक नवीच प्रतिष्ठा मिळू लागली. सरांच्या प्रश्नाला मुद्दाम वेडेवाकडे उत्तर दिले की मुले हसत. पूर्वी नीट ऐकू न आल्यामुळे चुकीचे उत्तर दिल्यावर हीच मुले त्याला हसत असत. आता ती त्याच्याबरोबर हसत होती. मोठ्या वर्गातली दोन मुले त्याला ‘भाई’ म्हणू लागली. ही ती बक्षिसे. घरीसुद्धा संध्याकाळचा पहिला प्रश्न ‘आज शाळेतून फोन नाही ना आला?’ असा झाला.

दिवाळीच्या सुटीत शस्त्रक्रिया झाली. ॲडेनॉइड काढले, कानाच्या पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या, द्रव निघाला. महिन्याभराने श्रवणचाचणी स्वाभाविक आली. घोरणे थांबले. आईवडिलांना वाटले, आता सगळे सुरळीत होईल. जानेवारीत शेऱ्यांची संख्या आधीपेक्षा वाढली.

या ठिकाणी पालक खचतात आणि शाळेची खात्री पटते. ‘कानाचं निमित्त होतं, मूळ स्वभावच असा,’ असे बोलले जाते. प्रत्यक्षात काटा निघाला होता आणि पू राहिला होता. शेजाऱ्याला विचारण्याची गरज संपली, पण शेवटचा बाक, अपूर्णांकांची पोकळी, वर्गाचे हसू, ‘भाई’ हे संबोधन आणि संध्याकाळचा तो प्रश्न, यांतले काहीच शस्त्रक्रियेने हलले नव्हते.

मग मूळ कारणामुळे होणारे वागणे कोणते आणि शिक्क्याला दिलेले उत्तर कोणते, हे ओळखायचे कसे? मी पालकांना आधी जागांविषयी विचारतो. घरी, मैदानावर, शिकवणीत, आजोळी, लग्नाकार्यात मूल कसे वागते? अतिचंचलतेच्या विकाराचे, म्हणजे ज्याला एडीएचडी म्हणतात त्याचे, निदान करताना लक्षणे किमान दोन निरनिराळ्या ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांतली अनेक वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावी लागतात. मेंदूतली चंचलता शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. या मुलाचे खो-खोचे सर मात्र म्हणाले, ‘माझ्याकडे कधी उशिरा येत नाही. पाळी आली नाही तरी बसून राहतो.’ त्याच्याविषयी शिक्षक-खोलीत काय बोलले जाते, हे त्यांना माहीतच नव्हते. ते अर्धवेळ होते आणि तिथे बसत नसत.

अर्थात एकाच जागी त्रास होतो म्हणजे शिक्काच कारणीभूत, असेही धरू नये. अध्ययन-अक्षमता असलेले मूलही फक्त वाचन-लेखनाच्या तासालाच बिथरते. म्हणून दुसरी खूण पाहावी लागते : खोडी काढताना मूल कुणाकडे पाहते? ज्याला ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा आकलन होत नाही, ते मूल वही, फळा, शेजारी यांच्याकडे पाहते. जे भूमिका वठवत असते ते प्रेक्षकांकडे पाहते. हे पालकांना दिसणार नाही, पण शिक्षकांना विचारले तर ते अचूक सांगतात. आणि तिसरी खूण मुलाच्या बोलण्यात असते. ‘मी असं केलं’ म्हणणारे मूल अजून पहिल्या टप्प्यावर आहे. ‘मी तसाच आहे’ म्हणणाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

या विचारसरणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण अलीकडे तिचा सोयीस्कर वापर होतो. पहिली खोडी का झाली, याचे उत्तर ती देत नाही. ते डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी वेगळे शोधायचे असते. डोळे, कान, झोप, वाचन यांची तपासणी त्यामुळे टळत नाही. शिक्का बसलेली सगळीच मुले तो पत्करत नाहीत. ज्याला घरी किंवा अन्यत्र दुसरी ओळख पक्की मिळालेली असते, ते मूल पुष्कळदा सुखरूप निसटते. लहान मुलांना मारणाऱ्या, त्यांचे डबे हिसकावणाऱ्या मुलाला थांबवलेच पाहिजे. त्याला शिक्षा केली म्हणजे आपण त्याच्यावर शिक्का मारला, असे होत नाही. शिक्षा कृत्याची असावी आणि ती त्याच दिवशी संपावी, एवढेच. आणखी एक गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी : निदान हाही शिक्का होऊ शकतो. ‘तो एडीएचडीवाला’ हे ‘तो खोडकर’पेक्षा फारसे सौम्य नाही.

नीट वागणारे मूल अचानक बदलले, एकाएकी गप्प किंवा आक्रमक झाले, बोलता बोलता काही क्षण शून्यात पाहू लागले, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे बोलले, तर हा लेख बाजूला ठेवावा आणि तातडीने डॉक्टरांना भेटावे. तिथे छळ, अत्याचार, फेफऱ्याचा सौम्य प्रकार किंवा नैराश्य असू शकते.

आपल्या मुलाकडे परत येऊ. सहावीच्या जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिका आल्या. आईवडील शाळा उघडण्याआधीच त्यांना भेटले. सोबत श्रवणचाचणीचा अहवाल, माझी चिठ्ठी आणि खो-खोच्या सरांची शिफारस होती. ‘आमचा मुलगा चांगला आहे’ असे सांगायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. कारण त्या वाक्यावर विश्वास ठेवणे शिक्षकांना भाग नसते. मागितल्या त्या तीनच गोष्टी. बसायला दुसरा बाक. शेरा लिहायचा झाल्यास दिवस, तास आणि कृती लिहावी, विशेषण नको. आणि काही घडल्यास वर्गासमोर न बोलता तास संपल्यावर एकट्याशी बोलावे, म्हणजे प्रेक्षक मिळणार नाहीत. बाई म्हणाल्या, ‘साठ मुलांत एवढं जमेल तेव्हा जमेल, पण करून पाहते.’ मला हे उत्तर आवडले.

घरी वडिलांचे काम अधिक कठीण होते. काचेच्या प्रसंगाबद्दल त्यांनी मुलाशी बोलायचे होते. ते बोलले. काय बोलले ते मी विचारले नाही. संध्याकाळचा फोनविषयीचा प्रश्न बंद झाला. मावशी गणिताची शिक्षिका होती, तिने आठवड्यातून दोनदा अपूर्णांक पहिल्यापासून घेतले. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वर्गात समजू लागल्याशिवाय व्हरांडा सोडण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

पहिल्या महिन्यात खोड्या वाढल्या. हे बहुतेक ठिकाणी घडते आणि आधी सांगून ठेवले नसेल तर सगळेच हात टेकतात. नवी वागणूक खरी आहे की तात्पुरती, हे मूल तपासून पाहत असते. बाईंनी दोनदा त्याच्याविरुद्ध लिहिले, दोन्ही वेळा तारखेसह. ऑगस्टनंतर उतार पडला. वर्गातली मुले मात्र त्याच्याकडून विनोदाची अपेक्षा करतच राहिली. तो काही बोलायला उभा राहिला की आधीच हशा पिके. शिक्षक एका बैठकीत बदलू शकतात, पन्नास-साठ मुलांचा प्रेक्षकवर्ग तसा बदलत नाही. म्हणून सातवीत त्याची तुकडी बदलली. एका विषयाच्या सरांशी त्याचे अजूनही जुळत नाही आणि त्यांच्या तासाला अधूनमधून शेरा येतो. सोमवारची पोटदुखी गेली आहे.

काही पालकांना शाळा बजावते, ‘सुधारणा नसेल तर दाखला घेऊन जा.’ 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे सोळावे कलम सांगते की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचे, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. सतरावे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. भांडणाची सुरुवात कायद्याने करू नये, पण घाबरून दाखला काढण्याआधी हे माहीत असावे. त्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो, आणि नव्या शाळेत मुलाच्या आधी तोच वाचला जातो.

शाळेतून पुढच्या वेळी फोन आला, तर पलीकडचे वाक्य नीट ऐका. ‘तुमचा मुलगा फार त्रास देतो’ असे ते असेल, तर रागावू नका, माफीही मागू नका. ‘आज कोणत्या तासाला काय झालं, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं?’ एवढे विचारा आणि उत्तर तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. तीन-चार महिन्यांनी ती वही घेऊन या. बेशिस्तीच्या तक्रारीसाठी औषध लिहून देण्याआधी मला ती वही वाचायची असते.